बेरीज पंधराच का येते?

दादर स्टेशनबाहेर पूजेच्या सामानाच्या दुकानांत तांब्याचे छोटे पत्रे मिळतात. त्यावर नऊ घरांत १ ते ९ आकडे कोरलेले असतात. आडवे, उभे, तिरके, कसेही मिळवा, पंधराच. हा जादूचा चौरस असा मांडता येतो:

८ १ ६
३ ५ ७
४ ९ २

पंधरा का, हे लगेच कळतं. १ ते ९ ची बेरीज ४५. ती तीन ओळींत सारखी वाटायची, तर प्रत्येकीच्या वाट्याला १५ येणारच. पण उभे स्तंभ आणि दोन्ही कर्णही तेवढेच कसे भरतात? खरी गंमत इथे आहे.

प्रत्येक आकडा फोडून पाहा. एक मोठा भाग ०, ३ किंवा ६. एक छोटा भाग १, २ किंवा ३. म्हणजे ८ = ६ + २, १ = ० + १, ६ = ३ + ३. सगळे आकडे असे फोडले की एका चौरसातून दोन निघतात. मोठ्या भागांचा:

६ ० ३
० ३ ६
३ ६ ०

आणि छोट्या भागांचा:

२ १ ३
३ २ १
१ ३ २

पहिल्यात प्रत्येक ओळीत आणि स्तंभात ०, ३, ६ एकेकदाच आहेत, म्हणून बेरीज ९. दुसऱ्यात १, २, ३ एकेकदाच, म्हणून ६. नऊ आणि सहा, पंधरा. ओळी आणि स्तंभांचं कोडं इथेच सुटलं.

कर्ण जरा नाजूक आहेत. प्रत्येक चौरसात एका कर्णावर तिन्ही आकडे येतात, तिथे चिंताच नाही. दुसऱ्यावर मात्र एकच आकडा तीनदा येतो: मोठ्यात ३, ३, ३ आणि छोट्यात २, २, २. बेरीज तरीही ९ आणि ६ च, कारण तो आकडा बरोबर मधला, म्हणजे सरासरीचा आहे. म्हणूनच मधल्या घरात ३ + २ = ५ बसतो.

दोन्ही चौरसांत आकडे विरुद्ध दिशांना सरकतात, हेही मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्यात ओळीगणिक ते एक घर डावीकडे जातात, छोट्यात उजवीकडे. एकाच दिशेला सरकले असते तर ६ ची गाठ दर वेळी २ शीच पडली असती आणि ८ तीनदा आला असता.

आता तळची ओळ उचलून सगळ्यांत वर ठेवा:

४ ९ २
८ १ ६
३ ५ ७

ओळी आणि स्तंभ अजूनही पंधराच भरतात. पण ४, १, ७ या कर्णाची बेरीज १२ होते, आणि २, १, ३ ची अवघी ६. मधल्या घरात आता १ आहे, म्हणजे ० + १. त्यामुळे एका कर्णावर मोठे भाग ०, ० आणि ० झाले, तर दुसऱ्यावर छोटे भाग १, १ आणि १.

दोन चौरस एकावर एक ठेवून तिसरा घडवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. नारायण पंडितांनी १३५६ मधल्या ‘गणितकौमुदी’त ती सांगितली आहे. झाकला जाणारा चौरस त्यांनी ‘छाद्य’ म्हटला, झाकणारा ‘छादक’.