‘दहावी पास, एटीकेटीसह’: एका फोटोओळीची पार्श्वभूमी

हरिश्चंद्रगडावरच्या आमच्या यंदाच्या फोटोखाली एवढंच लिहिलं होतं: ‘दहावी पास, एटीकेटीसह. चौथा खांब शाबूत. पाऊण तास, काकांना दोन.’ त्यावर एका मित्राच्या मावशींनी फोन करून मुलाला किती टक्के पडले विचारलं. मुलगा दुसरीत आहे. तेव्हा हा खुलासा.

पहिली सहल जुलै २०१५ ची. चौघं कल्याणहून माळशेजच्या एसटीने आलो, खुबी फाट्यावर उतरलो आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरला पोचलो. तिथे एका आजोबांना विचारलं, गड किती लांब? ‘पाऊण तास.’ तोलार खिंडीत वाघाच्या शिल्पापाशी टेकलो तेव्हाच दीड तास झाला होता. तिथे गुरं घेऊन उतरणाऱ्या बाईंना विचारलं. ‘पाऊण तास.’ खिंडीनंतर रेलिंग लावलेला कातळ लागतो, तो चढला की माणसाला वाटतं जिंकलं. खरा खेळ त्यापुढे आहे. एकामागे एक टेकड्या लागतात. सात आहेत म्हणतात, आम्ही धुक्यात नऊ मोजल्या. धुक्यामुळे पुढची टेकडी दिसतच नाही, म्हणून प्रत्येक टेकडी शेवटचीच वाटते. आठला निघालेलो, देवळाशी पोचायला साडेतीन वाजले.

आजोबांनी फसवलं असं मला कधीच वाटलं नाही. त्यांनी त्यांच्या पायांचा हिशेब सांगितला, पाय आमचे होते. पण तेव्हापासून ‘पाऊण तास’ हे आमचं माप झालं. दाताच्या डॉक्टरकडे नंबर कधी लागेल? पाऊण तास. गृहकर्ज कधी फिटेल? पाऊण तास. पहिली दोन वर्षं हा किस्सा अख्खा सांगावा लागे, मग एक वाक्य पुरलं, आता दोन शब्दांत भागतं. मुरलेला विनोद असा आटत जातो. मात्र नव्या माणसासमोर तो पुन्हा पाण्यात भिजवून फुगवावा लागतो, आणि तेव्हा कोणी हसत नाही. आमच्या बायकांना हे चांगलं ठाऊक आहे.

खांबाचं असं. गडावर केदारेश्वराची गुहा आहे. आत मोठं शिवलिंग आणि भोवती कंबरभर गार पाणी. चार खांबांपैकी एकच उभा आहे, आणि तो पडला की जग बुडेल अशी समजूत. पहिल्या वर्षी पावसामुळे आत उतरलोच नाही, दारातून बॅटरी मारून तो एक खांब पाहिला. पुढे राजगड, रतनगड, हरिहर अशी वर्षं गेली आणि आमचेही खांब पडू लागले. २०१८ ला एकाच्या घरी बाळ यायचं होतं, २०१९ ला दुसरा मस्कतला, २०२२ ला तिसऱ्याचा गुडघा. चौथा एकदाही चुकला नाही. २०२३ ला बिचारा अंगात ताप घेऊन आला, कारण आम्ही फोनवर विचारलं होतं, ‘जग बुडवतोस का?’ हे जरा अतिच झालं. तापाचा विनोद मात्र आम्ही पुढे चालवला नाही.

राहिली एटीकेटी. २०२० साली गड बंद, आम्ही घरात. ठरल्या रविवारी चौघांनी व्हिडिओ कॉल लावून आपापल्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली. एकजण सॅक पाठीला लावून सोसायटीचे सात मजले तीनदा चढला. ही सहल धरायची की नाही? धरली तर २०२४ ची दहावी, नाही तर २०२५ ची. जिने चढणाऱ्याने धरून चालून २०२४ मध्येच ‘१०’ छापलेले टी-शर्ट आणले. बाकीच्यांनी मतदानात तीन विरुद्ध एक असं पाडलं. टी-शर्ट वर्षभर माळ्यावर राहिले, त्या काळात पोटं मात्र थांबली नाहीत. शेवटी तोड निघाली: २०२० हा राहिलेला विषय, वर्ष वाया नाही, पण पासही नाही. ज्याने कॉलेजात एटीकेटी भोगली आहे त्याला हा न्याय लगेच पटतो. आमच्यात तिघांनी भोगली होती.

यंदा पुन्हा हरिश्चंद्रगडच, पण खिरेश्वराचं नाव कोणी काढलं नाही. गाडीने पाचनईपर्यंत आलो. ही वाट बरीच सोपी, चढही कमी. गावाबाहेर गडावरून उतरणारा एक शाळकरी पोरगा भेटला. चौघंही आशेने थांबलो, एकाने मुद्दाम विचारलं, ‘बाळा, देऊळ किती लांब?’

त्याने आधी आमच्याकडे पाहिलं, मग ताणलेल्या टी-शर्टांकडे.

‘पाऊण तास,’ म्हणाला, ‘पण काका, तुम्हाला दोन लागतील.’

अडीच लागले.