तर्री कमी का झाली?
आपल्या कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

परवाच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी पाणी पिण्याच्या टाकीपाशी उभा राहून दहा मिनिटं बोललो. दुसऱ्या शिफ्टची मंडळी तेव्हा आली नव्हती, आणि पहिल्या शिफ्टचे निम्मे लोक ताक घ्यायला रांगेत होते. म्हणून तेच बोलणं इथे छापून देतोय. तुमच्या लेखी आम्ही कंत्राटदाराची माणसं, पण सकाळी त्याच गेटमधून आत येतो आणि दुपारी तेच जेवतो. तेव्हा हे सहकाऱ्याचं बोलणं समजा.

तक्रारपेटीत गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या एकाच विषयाच्या आल्या: "रश्श्यावर तर्री दिसत नाही." एका चिठ्ठीवर तर "आम्ही आजारी आहोत का?" असंही लिहिलं होतं. तर्री कमी झाली हे खरं आहे. ती आम्ही मुद्दाम कमी केली, आणि त्यामागे तेलाचा एक डबा आहे.

आमच्याकडे तेल पंधरा किलोच्या डब्यातून येतं. सोमवारी सकाळी फोडलेला डबा बुधवारी दुपारी रिकामा व्हायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, त्यामुळे ते कुणाला खटकलंच नाही. एकदा हिशेबाची वही लिहिताना मी सहज भागाकार केला. रोज साधारण 140 ताटं, म्हणजे तीन दिवसांची 420. पंधरा हजार ग्रॅमला 420 ने भागलं तर एका ताटामागे जवळजवळ 36 ग्रॅम तेल येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात रोज 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी दिवसभराचं तेल-तूप 27 ग्रॅम धरलं आहे. आम्ही ते एका जेवणातच ओलांडत होतो. सकाळचे पोहे आणि रात्री घरी होणारी भाजी यांचं तेल अजून मोजलेलंच नव्हतं. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, म्हणजे 36 ग्रॅमच्या सव्वातीनशेच्या आसपास. तुम्ही तीन पोळ्या घेत असाल तर आणखी तीन कोरड्या पोळ्यांइतकी ऊर्जा न दिसता पोटात जात होती.

मग हे तेल जातं कुठे, ते पाहायला आठवडाभर भाजीच्या काट्यावर डबा ठेवला. प्रत्येक पदार्थ करण्याआधी आणि नंतर वजन लिहिलं. आचारी आधी रागावला. हात बसलेल्या माणसाला माप दाखवणं म्हणजे त्याच्या कसबावर शंका घेणं, आणि त्याचा राग मला पटतो. पण आकडे आले तेव्हा तोच म्हणाला, "पळीचा अंदाज रोज थोडा थोडा वाढत गेला असणार." रस्सा किंवा उसळ 14 ग्रॅम, सुकी भाजी 9, तळलेला पापड किंवा कुरडई 6, पोळ्या 4 आणि वरणाची फोडणी 3. फोडणीला उगाच बदनाम करतात, ती सगळ्यात मागे निघाली.

रश्श्याला इतकं तेल का लागतं? कांदा-खोबऱ्याचं वाटण मोठ्या पातेल्यात परतताना ते तळाला धरतं. करपू नये म्हणून आचारी वरून तेल सोडतो. तेल सुटेपर्यंत परतायचं हा नियम बरोबरच आहे, फक्त सुटलेल्यातलं बरंचसं तेल आपणच ओतलेलं असतं. आता कांदा थोडं मीठ घालून झाकणाखाली मऊ करतो, खोबरं कोरडंच भाजतो आणि मग वाटतो. खोबऱ्याला स्वतःचं तेल असतं, ते वाटणात उतरतं. सुक्या भाजीच्या झाकणावर पाणी ठेवून ती वाफेवर शिजवतो. हे तुमच्या आजीला विचारा, तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

एका जागी मात्र आम्ही फसलो. पहिल्या आठवड्यात उत्साहात रश्श्याचं तेल 5 ग्रॅमवर आणलं. मसाला कच्चट लागला, रंग विटकरी आला आणि अर्धं पातेलं परत गेलं. मिरचीचा लाल रंग पाण्यात नीट उतरत नाही, तो तेलात उतरतो. त्यामुळे रंग हवा असेल तर थोडं तेल लागणारच. आता 8 ग्रॅमवर थांबलोय. आच बंद करून, तेल कोमट झाल्यावर त्यात ब्याडगीची पूड घालतो. पूड जळत नाही आणि कमी तेलातही रंग धरते. तळलेल्या पापडाऐवजी भाजलेला पापड आला. तळण फक्त बुधवारी. सगळं मिळून ताटामागे 36 चे 21 ग्रॅम झाले. तोच डबा आता पाच दिवस जातो. 21 हेही जास्तच आहे, पण याच्या खाली जायला मला अजून चवीची वाट सापडलेली नाही.

एक गोष्ट वाढप्याच्या हातात असते. तेल वर तरंगतं. पातेलं न ढवळता वाढलं तर साडेबाराला आलेल्यांच्या वाटीत सगळी तर्री जाते आणि दीड वाजता येणाऱ्यांना खालचं पाणी मिळतं. "दादा, जरा वरचं वाढा" म्हणणारे खातात ते मुख्यतः तेल. आता प्रत्येक वाढीला तळापासून ढवळायची सूचना दिली आहे. कुणी ढवळलं नाही तर हटकून सांगा, त्याला राग येणार नाही. घरी किंवा बाहेर तपासायचं असेल तर वाटी दहा मिनिटं तशीच ठेवा आणि मग थोडी तिरकी करा. कडेला बोटभर तवंग जमला तर तेल किती आहे ते समजेल. सुक्या भाजीत ही युक्ती चालत नाही. वांगं आणि सोयाबीनचे तुकडे तेल पिऊन बसतात आणि ताट मात्र कोरडं दिसतं.

आता वरणाबद्दल. तुरीची डाळ महागली की कॅन्टीनचं वरण पातळ होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मीही नाकारत नाही. पण त्याचा परिणाम वरणाच्या वाटीत नाही, भाताच्या ढिगात दिसतो. वरण पातळ असलं की भात कोरडा लागतो, मग आणखी वरण, त्यावर आणखी भात. पोट भरतं, पण त्यात डाळ नावापुरती असते. दुपारी तीनला संगणकासमोर जी पेंग येते, तिला हा भात बराच कारणीभूत असतो. म्हणून माणशी 25 ग्रॅम कोरडी डाळ हे माप ठरवलं आहे, आणि भाव वाढला तरी ते कमी करणार नाही. ताटात पडलेला वरणाचा थेंब पाण्यासारखा पळायला लागला तर माझ्याकडे या.

मोडाची मटकी आठवड्यातून तीनदा असते. सोमवारी का नसते, असं कितीतरी जण विचारतात. मटकी सकाळी भिजत घालावी लागते, रात्री फडक्यात बांधावी लागते आणि दुसऱ्या दिवशी मोड येतात. थंडीत तर आणखी वेळ लागतो. रविवारी स्वयंपाकघर बंद असतं, त्यामुळे सोमवारी नुसती भिजवलेली चवळी किंवा डाळ-पालक. शिळे मोड घालण्यापेक्षा ते बरं.

पंगतीत आपण वरण-भाताने सुरुवात करतो आणि ती रीत मला मोडायची नाही. इथे रोजच्या जेवणात मात्र एक करून बघा: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात शेवटी. भाज्या आणि डाळी आधी पोटात गेल्या तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसून आलं आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र भात-पोळी किती घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारावं, माझ्या भाषणावरून गोळी कमी-जास्त करू नये. याच कारणासाठी कोशिंबिरीचं भांडं आता रांगेच्या सुरुवातीला ठेवलं आहे. आधी ते शेवटी होतं, आणि तिथे पोचेपर्यंत ताटात जागाच उरायची नाही. काकडीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, म्हणून आम्ही ती चार वेळा थोडी थोडी कालवतो. भांडं रिकामं दिसलं तर दोन मिनिटं थांबा, आत दाण्याचं कूट घालणं चालू असतं.

मंगळवारी आणि गुरुवारी ज्वारीची भाकरी असते. साठच होतात, कारण आधी थापून ठेवली की ती वातड होते आणि मावशी दोघीच आहेत. भाकरीला तेल लागत नाही, हे तिचं चांगलं. पण आमची एक भाकरी साधारण 70 ग्रॅम पिठाची आणि पोळी 30 ग्रॅमची. "भाकरी हलकी असते" म्हणून दोन घेणारे चार पोळ्यांहून जास्त पीठ खातात. बसून काम करणाऱ्यांना एक पुरते. गोदामात दिवसभर पोती उचलणाऱ्याने दोन घेतल्या तर मी काही म्हणणार नाही.

बुधवारच्या वड्यांबद्दल थोडक्यात. तळणीचं उरलेलं तेल भाजीत किंवा फोडणीत जात नाही. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मर्यादा घातली आहे. ती मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून कढईत कमी तेल घेतो आणि फेस राहायला लागला, तेल काळपट किंवा चिकट झालं, लवकर धूर यायला लागला की बाजूला काढतो. मिठाचं काय? टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या उचलल्या, मागितलं तर मिळेल. लोणचं आणि पापड दोन्ही घेणाऱ्यांनी मीठ मागू नये, इतकंच.

अर्धा भात हवा असेल तर वाढप्याला "लहान वाटी" म्हणा. ताट पाच रुपयांनी स्वस्त पडेल. नंतर भूक राहिली तर दुसरी वाटी त्याच पैशात मिळते, त्यामुळे आधीच भरून घ्यायची गरज नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक काळी पाटी लावली आहे. चालू डबा कधी फोडला ती तारीख तिच्यावर खडूने लिहिलेली असते. सध्याचा सोमवारी फोडला आहे. शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर कुणीही आत या आणि डबा हलवून बघा.