पोटातल्या महाधमनीचा फुगा: सेंटिमीटरचा आकडा आणि ऑपरेशनचा निर्णय

हृदयातून निघालेली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी, डॉक्टर तिला एओर्टा म्हणतात, ती छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांकडं दोन फाटे फुटतात. पोटात, किडनीच्या खाली, तिचा व्यास साधारण २ सेमी असतो. भिंत कमजोर होऊन तो ३ सेमी किंवा त्याच्यावर गेला की त्याला ॲन्युरिझम म्हणतात, साध्या भाषेत नळीला आलेला फुगा. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास नसतो, म्हणून तो सापडतो तो दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत. पण फुटला तर दहातली जवळपास आठ माणसं जातात, कितीतरी जण तर दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. फुटायची भीती व्यास वाढेल तशी वाढते, कारण रक्ताचा दाब तोच असला तरी नळी जेवढी रुंद तेवढा भिंतीवर ताण जास्त आणि भिंत तर आधीच पातळ झालेली. म्हणून या आजारात सगळं एका आकड्याभोवती फिरतं, आणि तो आकडा नेमका कसा मोजला हे बघितल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

आमच्या मामांचं सांगतो. अंबाजोगाईजवळचं गाव, वय ६७, विशीपासून बिडी. लघवीचा त्रास होता म्हणून सोनोग्राफी केली, प्रोस्टेट बघता बघता एओर्टा ४.६ सेमी निघाला. तीन आठवड्यांनी लातूरला सीटी केला तर रिपोर्टवर ५.२. घरात रडारड, तीन आठवड्यांत सहा मिलिमीटर वाढलं म्हणजे आता फुटणारच, उद्याच ऑपरेशन करा, जमीन गहाण टाकू असं सगळं सुरू झालं. रक्तवाहिन्यांच्या सर्जननी रिपोर्ट बाजूला ठेवून सीटीची सीडीच कॉम्प्युटरवर लावली आणि म्हणाले, "मामा, वाढलं काहीच नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे."

झालं असं होतं की वय झालेल्या माणसाचा एओर्टा सरळ राहत नाही, वाकडातिकडा होतो, आणि सीटीच्या चकत्या मात्र अंगाला आडव्या, सरळ पडतात. कोयत्यानं ऊस काटकोनात तोडला तर तोंड गोल दिसतं, तिरपा तोडला तर लांबोळकं दिसतं, ऊस तर तेवढाच जाड असतो. मामांच्या त्या चकतीवर फुगा ५.२ बाय ४.७ असा अंडाकृती होता आणि रिपोर्टमध्ये मोठा आकडा लिहिला गेला. सर्जननी नळीच्या मध्यरेषेला काटकोनात चकती वळवून परत मोजलं, ४.८ आलं. सीटीचा आकडा सोनोग्राफीपेक्षा तसाही काही मिलिमीटर जास्त येतो, म्हणजे ४.६ आणि ४.८ हा एकच फुगा.

सोनोग्राफीतही गडबडी होतात. एक तर व्यास पुढून मागं, म्हणजे पोटाकडून पाठीकडं मोजायचा, कारण डाव्या-उजव्या भिंती सोनोग्राफीत पुसट दिसतात. दुसरं, खूण कुठं ठेवली. भिंतीच्या बाहेरून बाहेरपर्यंत मोजलं आणि आतून आतपर्यंत मोजलं यात ३ ते ५ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून कोणती पद्धत ते रिपोर्टवर लिहिलेलं पाहिजे. आणि सगळ्यात फसवी चूक म्हणजे फुग्याच्या आत रक्ताची गुठळी थरासारखी बसलेली असते, रंगीत डॉपलरमध्ये मधून वाहणारं रक्त तेवढं दिसतं, नवख्या माणसानं तेवढंच मोजलं तर ५ चा फुगा ३ चा वाटतो. गुठळी धरून मोजायचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. पोटात गॅस असला की दिसत नाही म्हणून सकाळी उपाशीपोटी बोलावतात. एवढं सगळं नीट करूनही दोन चांगल्या हातांत ५ मिलिमीटरपर्यंत फरक येऊ शकतो.

ऑपरेशन कधी करायचं त्याची रेघ पुरुषांत ५.५ सेमीला धरतात, आता हा ५.५ आकडा कुठून आला. ब्रिटनमध्ये १९९८ साली आणि अमेरिकेत २००२ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, ४ ते ५.५ सेमीच्या दरम्यानचे फुगे असलेले पेशंट दोन गटांत वाटले, निम्म्यांचं लगेच पोट उघडून ऑपरेशन आणि निम्म्यांची नुसती देखरेख, वाढला किंवा दुखायला लागला तरच ऑपरेशन. जगण्यात फायदा दिसला नाही. देखरेखीतल्यांचे फुगे फुटायचं प्रमाण वर्षाला शेकडा एकच्या आसपास किंवा त्याहून कमी होतं, ऑपरेशनचा धोका त्यापेक्षा कमी नव्हता. देखरेखीतल्या निम्म्याहून जास्त जणांना पुढं ऑपरेशन लागलंच, पण थांबल्यानं नुकसान झालं नाही. त्या चाचण्यांत बायका फार कमी होत्या. बायकांची महाधमनी मुळात बारीक आणि त्यांचा फुगा लहान असतानाच फुटतो, म्हणून पुरुषांना ५.५ तर बायकांना ५ च्या आसपास ऑपरेशनचा विचार करतात. मांडीतून जाळीची नळी आत सरकवायची सोय आल्यावरही लहान फुग्यांना घाई करून फायदा दिसला नाही.

तोवर किती दिवसांनी बघायचं, तर ३ ते ३.९ ला तीन वर्षांनी, ४ ते ४.९ ला वर्षाला, ५ च्या वर गेलं की सहा महिन्यांनी, काही ठिकाणी तीन महिन्यांनी. देशोदेशी थोडा फरक आहे. साधारण वाढ वर्षाला २-३ मिलिमीटर असते. वर्षात १ सेमी वाढला तर तो वेग जास्त धरतात आणि ५.५ ची वाट न बघता ऑपरेशनचं बोलतात, पण आधी खात्री करायची की दोन्ही वेळचं माप एकाच पद्धतीचं आहे, नाहीतर मामांसारखं होतं.

आकडा एका वेळी मात्र बाजूला पडतो. फुगा असलेल्या माणसाच्या पोटात किंवा पाठीत अचानक दुखायला लागलं, दाबल्यावर दुखलं, चक्कर आली, घाम फुटला तर तो ४ चा असो की ६ चा, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात. आपल्याकडं अशी कळ मुतखड्याची समजून घरी गोळी देतात आणि तिथंच वेळ जातो. घरच्या सगळ्यांना फुग्याचं माहीत असणं म्हणूनच लागतं, नुसतं पेशंटला नाही.

फुगा वाढायचा थांबवणारं खात्रीचं औषध अजून नाही. बिडी सोडली की वाढ मंदावते, मामांनी सोडली, तंबाखू मात्र अजून चालू आहे आणि त्यावरून मामीचं रोज भांडण.

पहिल्या वर्षी मामांची त्याच सेंटरला, त्याच डॉक्टरांकडं सोनोग्राफी झाली, ४.८. दोन मिलिमीटर म्हणजे वाढ आहे की मोजणीतला फरक, सांगता येत नाही असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. दुसऱ्या वर्षी ५.१. आता चित्र स्पष्ट, वाढतोय पण हळू, सहा महिन्यांची तारीख पडली. ५.५ च्या जवळ गेला की डाय देऊन सीटी करायचा, तो व्यासासाठी कमी आणि किडनीच्या खाली चांगली नळी किती लांब उरलीय ते बघायला जास्त, कारण जाळी बसते का पोट उघडावं लागतं ते त्यावर ठरतं. त्याआधी क्रिएटिनिन बघतील, डाय किडनीला जड जातो. मामांच्या फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी पेननं लिहून दिलंय: पुढून मागं, बाहेरून बाहेर, गुठळी धरून, ५.१. पुढची तारीख सोयाबीन निघाल्यावरची आहे.