कंट्रोलर न धरणाऱ्याला जागा कशी मिळाली

१९९२ मध्ये ‘सॉनिक द हेजहॉग २’ हा व्हिडिओ गेम आला. दुसरा कंट्रोलर जोडला की सॉनिकच्या मागे धावणारा टेल्स दुसऱ्याच्या हातात येई. तो मेला तरी उडत परत येई, त्यामुळे नवख्याकडून खेळ बिघडत नसे. पण पडदा सॉनिकमागेच धावे. चांगला खेळणारा पुढे गेला की नवखा चौकटीबाहेर, आणि बटणे तर त्यालाही दाबावी लागतच.

२००७ च्या ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’ने बटणांचा हा अडसर जवळजवळ काढला. दुसऱ्याने निन्टेंडोच्या ‘वी’ या कन्सोलचा रिमोट पडद्याकडे रोखायचा, विखुरलेले तारेतुकडे गोळा करायचे, शत्रूला धरून ठेवायचे. टीव्हीचा रिमोट वापरणाऱ्याला ते सहज जमते. खोट एवढीच, की तो झोपला तरी मारिओचे काही अडत नाही. लहान भावाला पतंगाची फिरकी धरायला देतात, तसला मान.

खरी उलथापालथ २०१५ ची. त्या वर्षी आलेल्या ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’चा पहिला नमुना २०१४ च्या ग्लोबल गेम जॅम या झटपट खेळ बनवण्याच्या उपक्रमात, कॅनडातल्या ओटावात तयार झाला होता. एकाला बॉम्ब दिसतो, दुसऱ्याकडे तो निकामी करण्याची २३ पानी पुस्तिका असते, आणि एकाने दुसऱ्याचे पाहायचे नाही. गंमत म्हणजे खेळात ‘एक्स्पर्ट’ म्हणतात ते पुस्तिकावाल्याला. कंट्रोलर त्याच्या हातात येतच नाही.

सांगलीत आमच्या घरी खेळणारी मी. आमचे अहो हळदीच्या अडतीवर बसतात, कंट्रोलर त्यांनी कधी धरलेला नाही. पुस्तिका झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली, ते टीव्हीकडे पाठ करून बसले. मी सांगितले, “चार तारा. लाल, निळी, लाल, पांढरी.” उत्तर आले, “नंबर सांग.” मला वाटले, कसला नंबर! घड्याळ पळत होते, मी पहिली तार कापली. चूक. पहिल्या बॉम्बला अशा तीन चुका झाल्या की स्फोट होतो, आणि प्रत्येक चुकीनंतर घड्याळ जास्त वेगाने पळू लागते.

पुस्तिकेत चार तारांसाठीचा नियम असा: लाल तारा एकाहून जास्त आणि बॉम्बच्या सिरियल नंबरचा शेवटचा अंक विषम, तर शेवटची लाल कापा. आमचा अंक ७ होता, म्हणजे तिसरी तार. अंक सम असता तर पुढच्या ओळी लागू झाल्या असत्या, आणि एकच निळी असल्याने पहिली कापायची आली असती. तारा त्याच, उत्तर वेगळे. बॉम्बच्या बाजूला छापलेला तो नंबर मी वाचलाच नव्हता. अडतीवर वजन न बघता पट्टी लिहिणारा माणूस टिकत नाही, हे अहोंनी नंतर दोनदा ऐकवले.

चुकते ते बहुतेक वेळा असेच. सरावलेला माणूस अर्धे ऐकून हात चालवतो, आणि वेग हीच त्याची अडचण होते. आमची पुस्तिका इंग्रजी आहे, हीही एक मर्यादा. आम्ही शब्द इंग्रजीच ठेवतो, बोलणे मराठीत.

२०२१ चा ‘इट टेक्स टू’ पुष्कळ जोडपी घेतात, पण त्यात दोघांनाही उड्या मारायच्या असतात आणि कॅमेरा फिरवायचा असतो. अहो त्यात अर्धा तास भिंतीकडे तोंड करून उभे होते.