अंडं बुडलं म्हणजे चांगलं?

"पाण्यात अंडं तळाशी बसलं की चांगलं, मग फ्रीज कशाला?"

अहो, पाण्याने फक्त अंड्याचं वय कळतं. कवचाच्या छिद्रांतून ओलावा उडतो, आतली हवेची पोकळी वाढते म्हणून जुनं अंडं उभं राहतं, मग तरंगतं. साल्मोनेला हा आजारी पाडणारा जंतू मात्र कालच्या अंड्यातही असू शकतो, ना वास ना रंग, आणि रत्नागिरीच्या मे महिन्यात घरात ३० च्या वर तापमान असतं त्यात तो भराभर वाढतो, फ्रीजमध्ये ४ डिग्रीला जवळपास थांबतो. आई गावठी अंडी न धुता टोपलीत सावलीला ठेवायची, चार दिवसांत संपवायची, पिवळा बलक पूर्ण घट्ट करूनच द्यायची, तेवढं चालतं. पण एकदा फ्रीजात गेलेलं अंडं परत बाहेर ठेवू नका, आपल्या दमट हवेत त्याला लगेच घाम सुटतो आणि त्या ओलाव्यातून कवचावरचे जंतू आत शिरतात.