डिटर्जंटच्या ड्रॉवरमधला चिकट थर आणि काळी बुरशी: आधी काय काढायचं?

फ्रंट लोड मशीनचा ड्रॉवर तुंबला की दिसेल त्या घाणीवर ब्लीच ओतलं जातं. पण तिथे दोन वेगळ्या गोष्टी असतात. सॉफ्टनर आणि पावडरचा चिकट थर कोमट पाण्याने सुटतो, ब्लीचने नाही. काळ्या ठिपक्यांची बुरशी मात्र नुसत्या कोमट पाण्याने मरत नाही.

बोटाने चोळून बघा. थर बुळबुळीत लागतो, पांढरा किंवा निळसर असतो आणि वास साबणाचाच येतो. बुरशी काळपट असते, कुबट वास मारते आणि पुसली तरी डाग मागे राहतो. शिवाय ती बहुतेकदा या थरावरच पोसली जाते, म्हणून आधी थर काढायचा. उलट केलंत तर ब्लीच वरच्यावर राहतं आणि खालची बुरशी पुन्हा डोकं वर काढते.

धुणं झाल्यावर फुलाच्या चिन्हाच्या कप्प्यात पाणी साचून राहिलं, तर पहिला संशय सायफनवर घ्यावा. या कप्प्यात एक उभी नळी असते आणि तिच्यावर टोपी. पाणी नळीच्या वर चढलं की सगळं एकदम ओढलं जातं. घट्ट सॉफ्टनर नळीत सुकला की ही ओढच थांबते.

मशीनचा प्लग काढा, ड्रॉवरमधला खटका दाबून तो पूर्ण बाहेर ओढा आणि टोपी उपसा. दोन्ही अर्धा तास कोमट पाण्यात भिजू द्या. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं. मग टूथब्रशने घासा आणि नळीतून इअरबड फिरवा. टोपी बसवून ड्रॉवर सिंकवर सपाट धरा आणि त्या कप्प्यात MAX खुणेच्या वरपर्यंत पाणी ओता. ते झरझर उतरून तळाशी थोडंसंच उरलं, तर सायफन मोकळा झाला.

बुरशीचं खरं घर ड्रॉवरच्या खाचेत, वरच्या छताला असतं. पाणी पडण्याची बारीक छिद्रं तिथेच असतात, म्हणून टॉर्च मारून बघाच. आधी कोमट ओल्या कापडाने थर पुसा, बुजलेली छिद्रं टूथपिकने मोकळी करा. मग हातमोजे घालून, खिडकी उघडून, एक लिटर पाण्यात ५० मिलि घरगुती क्लोरीन ब्लीच मिसळा आणि त्यात पिळलेलं कापड डागांवर दहा मिनिटं टेकवून ठेवा. नंतर स्वच्छ पुसून एक रिकामं रिन्स चालवा, नाहीतर पुढच्या कपड्यांचा रंग उडेल. बोअरच्या पाण्याचा क्षार असेल तर व्हिनेगर वापरता येतं, पण त्याच दिवशी नको: ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पावडर कोरडीच राहत असेल, तर मात्र दोष बहुधा पाण्याच्या दाबाचा किंवा इनलेटच्या जाळीचा असतो.

थर पुन्हा जमू नये म्हणून सॉफ्टनर MAX खुणेखालीच ठेवा आणि घट्ट असेल तर पाणी घालून पातळ करा. बुरशीसाठी, विशेषतः पावसाळ्यात, धुणं झाल्यावर ड्रॉवर उघडा ठेवा.