विक्रीचा उच्चांक म्हणजे पाठवणीचा उच्चांक नव्हे

सणासुदीच्या नियोजनाच्या बैठकीत विक्रीच्या अंदाजाचा आलेख दाखवला जातो, त्यातील सर्वांत उंच आठवड्यावर बोट ठेवले जाते आणि 'या आठवड्यासाठी गाड्या वाढवून घ्या' असे वाहतूक विभागाला सांगितले जाते. हे वाक्य ऐकून ऐकून मी आता कंटाळलो आहे. विक्रीचा अंदाज कसा काढतात हे वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे तो योग्य आहे असे येथे धरून चालू. प्रश्न असा आहे की ग्राहक दुकानातून माल नेतो तो आठवडा आणि गोदामातून माल निघतो तो आठवडा, हे दोन्ही एकच का मानले जातात?

कोणत्याही आठवड्याची पाठवणी म्हणजे त्या आठवड्याची विक्री अधिक दुकानातील साठ्यात झालेली वाढ. साठा घटला असेल तर तेवढी वजाबाकी करावी. हिशेब एवढाच आहे, पण आलेखात पहिलाच भाग दिसतो आणि दुसरा विसरला जातो.

एका दुकानाचे उदाहरण घेऊ. सात आठवड्यांची अपेक्षित विक्री अनुक्रमे १००, १००, १२०, १८०, ३००, ६० आणि ९० खोकी आहे, म्हणजे सण पाचव्या आठवड्यात आहे. प्रत्येक आठवड्याअखेर पुढील दोन आठवड्यांच्या विक्रीइतका साठा दुकानात असावा, असा नियम आहे. तिसऱ्या आठवड्याअखेर दुकानात १८० आणि ३०० मिळून ४८० खोकी हवीत. त्या आठवड्याच्या सुरुवातीला तेथे ३०० असतात आणि १२० विकली जातात, म्हणून ३०० खोकी पाठवावी लागतात. चौथ्या आठवड्यात मात्र ६० खोकी पाठवली की पुरे. साखळीची अशी ६० दुकाने असतील आणि एका गाडीत ९०० खोकी बसत असतील, तर तिसऱ्या आठवड्यात २० फेऱ्या लागतात आणि त्यानंतरच्या आठवड्यात ४. ज्यांनी पाचव्या आठवड्यासाठी गाड्या ठरवल्या, त्यांच्या गाड्या तेव्हा बहुतांशी रिकाम्या उभ्या राहतात, कारण त्या आठवड्यात लागतात फक्त ६ फेऱ्या.

याहून वाईट प्रकार म्हणजे 'दोन आठवड्यांचा साठा' हा नियम पुढच्या एका आठवड्याच्या विक्रीला दोनने गुणून लावणे. हा गुणाकार मला मुळीच मान्य नाही, कारण सण सलग दोन आठवडे येत नाही. या पद्धतीने चौथ्या आठवड्याअखेर दुकानात ६०० खोकी हवीत असे ठरते, सुरुवातीचा साठा ३६० असतो, १८० विकली जातात आणि पाठवणी ४२० वर जाते. म्हणजे २८ फेऱ्या. सण उलटल्यावर दुकानात ३०० खोकी शिल्लक राहतात, जेव्हा पुढील दोन आठवड्यांची गरज अवघी १५० असते. मग याच मालाचा दोष विक्रीच्या अंदाजाला दिला जातो, आणि अंदाज तर अगदी बरोबर आलेला असतो.

आता मूळ नियमच ठेवू, पण दुकानाच्या मागच्या खोलीची मर्यादाही विचारात घेऊ. तेथे आणि मांडणीवर मिळून ३५०च खोकी मावत असतील, तर दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यांची पाठवणी १८०, ३००, ६०, ९० अशी न होता १८०, १७०, १८०, १०० अशी होते. एकूण माल दोन्ही वेळी ६३० खोकीच आहे, तरी सर्वाधिक फेऱ्या २० वरून १२ वर येतात. म्हणून जागेची मर्यादा अडचण म्हणून न नोंदवता नियोजनात आधीच घालावी, असे माझे ठाम मत आहे. ती न घातल्यास तिसऱ्या आठवड्यात गाड्या दुकानाबाहेर ताटकळतात, खोकी ग्राहकांच्या वाटेत रचली जातात आणि फलाटावरची माणसे अपुरी पडतात. अशी चिन्हे दिसली की गाड्या कमी पडल्या असे म्हणू नये. माल एकाच वेळी ढकलला गेला आहे.

वजन आणि आकारमान यांतील फरक एका वाक्यात सांगता येतो: भेटवस्तूंच्या खोक्यांनी गाडी वजनाआधी भरते, तेव्हा फेऱ्या खोक्यांच्या आकारावरून मोजाव्यात.

या मांडणीला एक मर्यादा आहे. पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला दुकानात ३५० खोकी असतात आणि विक्री ३०० अपेक्षित असते, त्यामुळे नव्या मालाखेरीज फक्त ५० खोकी हाताशी उरतात. सर्व दुकाने मिळून अंदाज बरोबर आला तरी एखाद्या दुकानात ३८० खोक्यांची मागणी येते आणि दुसऱ्यात २२० चीच. त्यामुळे त्या आठवड्याची १०० खोकी सर्व दुकानांना आधीच वाटून न टाकता गोदामात राखावीत आणि दोन-तीन लहान गाड्या रोजच्या विक्रीचे आकडे पाहून कमी पडणाऱ्या दुकानांकडे वळवाव्यात. सणाच्या आठवड्यात जादा गाड्या लागतात त्या एवढ्याच. मोठ्या गाड्यांचा करार मात्र दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यांसाठी करावा.